रजेचा अर्ज : साचा एक, कारण आपलं

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या तिघी जणी एकाच काजू कारखान्यात कामाला होत्या. तिघींनाही लावणीसाठी रजा हवी होती. अर्ज लिहायला आमच्यातलीच एक शिकलेली पोर बसली आणि तिने तिन्ही कागदांवर एकच वाक्य उतरवलं : 'घरगुती अत्यावश्यक कारणास्तव सासूबाईंची तब्येत बरी नसल्यामुळे'. साहेबांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "तिघींच्या सासवा एकाच दिवशी आजारी?" रजा तर गेलीच. पुढे महिन्याभराने त्यातल्या एकीची सासू खरोखर तापाने पडली, तेव्हा तिच्या अर्जावर कुणी विश्वास ठेवला नाही. तो दिवस तिचा बिनपगारी गेला.

चूक साच्याची नव्हती. साचा हवाच. दरवेळी कोरा कागद घेऊन बसलं की अर्धा तास जातो आणि तारीख राहून जाते. पण आम्ही कारणसुद्धा साच्यात घातलं होतं, तिथेच फसलो. म्हणून आता वहीत अर्जाचा फक्त सांगाडा ठेवलाय. तो असा :

प्रति, मा. व्यवस्थापक, ______
विषय : दि. ___ ते दि. ___ अशा ___ दिवसांच्या रजेबाबत.
महोदय, मी ______ विभागात काम करते. (इथे कारणाच्या दोन-तीन ओळी.) म्हणून वरील दिवसांची रजा मिळावी. या काळात माझं काम ______ पाहतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. दि. ___ रोजी कामावर हजर होईन.
आपली विश्वासू, (सही, तारीख)

हे सगळ्यांचं सारखं असलं तरी कुणी नावं ठेवत नाही. बँकेची स्लिप सगळ्यांची सारखीच असते की! फरक दिसायला हवा तो कारणाच्या ओळींत. त्यासाठी शब्द बदलून चालत नाही. 'तब्येत बरी नाही'च्या जागी 'प्रकृती अस्वस्थ' लिहिलं, तरी वाचणाऱ्याला तेच दिसतं. आम्ही बाईला तीन प्रश्न विचारतो : घरी नेमकं काय आहे? तिथे तूच का हवीस? आणि एवढेच दिवस का? ती जे बोलते तेच लिहायचं.

एका ताईचं लावणीचं उत्तर सांगतो. 'आमची वीस गुंठे भातशेती आहे. पॉवर टिलर 6 जुलैला मिळणार आहे आणि चिखलणी झाली की लावणी लगेच करावी लागते. माणसं मिळत नाहीत, म्हणून एक दिवस रोपं काढायला आणि तीन दिवस लावायला मी घरी हवी.' असे दुसरीचे शब्द येणारच नाहीत, कारण दुसरीचं शेत वेगळं, टिलरची तारीख वेगळी. दिवस मात्र बोटांवर मोजा. 6 ते 9 म्हणजे तीन नव्हे, चार दिवस. हजर व्हायचं 10 तारखेला.

वहीत चार पानं केली आहेत : आधी ठरलेलं काम, आपलं आजारपण, अचानक आलेलं संकट, आणि सण. सांगाडा तोच, पण कारणाच्या ओळी प्रत्येक पानावर वेगळ्या. आजारपणात सगळं उघड करायची गरज नाही. बायकांची दुखणी साहेबाला कशाला सांगायची? 'डॉक्टरांनी तीन दिवस विश्रांती सांगितली आहे, चिठ्ठी सोबत जोडली आहे' एवढं पुरतं. मात्र चिठ्ठीवरच्या तारखा आणि अर्जातल्या तारखा जुळल्या पाहिजेत. अचानकच्या पानावर, म्हणजे घरात कुणी गेलं किंवा पोराला दवाखान्यात न्यावं लागलं तर, 'आज सकाळी साडेसातला मुकादमांना फोनवर कळवलं' ही ओळ ठेवली आहे, कारण तो अर्ज बहुधा परतल्यावरच देता येतो. वेळ मात्र खरी घाला, मोबाईलमध्ये ती दिसते.

जुना अर्ज समोर ठेवून नकलू नका. एकदा वर विषयात जुनीच तारीख राहिली आणि खाली नवी आली. नंतर तो कागद कामाचा राहिला नाही. वहीत रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवा. अर्ज शक्यतो जिची रजा तिच्याच हाताने लिहू द्या, अक्षर वाकडं असलं तरी. लिहिता येत नसेल तर ती सांगेल ते दुसरीने लिहावं आणि मग तिला वाचून दाखवावं. दोन प्रती करा आणि दुसऱ्या प्रतीवर 'मिळाला' अशी सही व तारीख घ्या.

सणाच्या पानाला एक गोष्ट पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. गणपतीची तारीख कॅलेंडरात असते, पण शिमग्याची पालखी आपल्या घरी कधी येणार ते गावात ठरतं. ते ठरल्यावरच अर्ज द्या. एकीने अंदाजाने आधीच दिला. पालखी दोन दिवसांनी आली आणि तिला पुन्हा अर्ज लिहावा लागला.