कमानीवरची जागा मागताना

आषाढ संपत आला की गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते कमानीवरच्या जागा विकायला निघतात. दुकानदार बहुधा ‘बघू’ म्हणतो आणि शेवटी वर्गणीची पावती फाडून मोकळा होतो. त्याला खरोखर जाहिरात हवी असेल, तर त्यानेच मंडळाला आधी पत्र लिहावं.

समजा, कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे. अशी पत्रं सहसा ‘आपल्या मंडळाच्या समाजकार्याने भारावून’ सुरू होतात. खजिनदार ते वाक्य वाचतच नाही, तो आकडा शोधतो. म्हणून पहिल्याच परिच्छेदात लिहावं: ‘मंडपाकडे येताना डाव्या हाताच्या पहिल्या कमानीवर, रस्त्याकडे तोंड करून, दहा फूट बाय चार फूट जागा आम्हाला हवी आहे. त्यासाठी पंधरा हजार रुपये देऊ. फ्लेक्स आम्ही छापून देऊ, तो लावणं आणि विसर्जनानंतर उतरवणं मंडळाकडे.’

‘कमानीवर जागा’ एवढंच लिहिलं, तर फ्लेक्स मागच्या बाजूला, झाडाआड लागतो आणि भांडायला कागद राहत नाही. मापही सांगायलाच हवं. चाळीस फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर निदान चार इंच उंच लागतं. म्हणजे चार फूट उंचीत दुकानाचं नाव, ‘डोळे तपासणी’ आणि फोन नंबर एवढंच नीट बसतं. मालकाचा फोटो घातला की नाव लहान होतं. फोटो गाळलेला बरा.

पैशाबद्दल लिहावं: ‘निम्मी रक्कम फलक लागल्यावर, निम्मी उत्सव संपल्यावर, मंडळाच्या नावाच्या चेकने.’ खजिनदार कुरकुरेल, कारण मांडववाल्याला आगाऊ द्यावे लागतात. तेव्हा पहिला हप्ता थोडा वाढवावा, पण कार्यकर्त्याच्या खात्यावर पैसे टाकू नयेत. पावतीवर ‘देणगी’ नको, ‘जाहिरात’ लिहून घ्यावं. मोबदल्यात जागा मिळाली की ती देणगी उरत नाही, दुकानाचा जाहिरातखर्च होतो.

सगळ्यात जास्त विसरलं जाणारं वाक्य परवानगीचं. मंडपाची परवानगी आहे म्हणून फलकाचीही आहे, असं धरून चालू नये. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा १९९५ चा कायदा आहे. विनापरवाना फलक ज्याच्या फायद्यासाठी लागला, त्याच्यावरही त्याखाली कारवाई होऊ शकते. फलकावर फोन नंबर दुकानदाराचा असतो, त्यामुळे त्याला शोधणंही सोपं. म्हणून लिहावं: ‘परवानगीची प्रत मिळाल्यावरच फ्लेक्स देऊ.’ आणि विसर्जनानंतर किती दिवसांत उतरवणार, तेही त्याच ओळीत.

पत्र अध्यक्षांच्या नावे लिहावं, पण प्रत खजिनदाराच्या हातात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर सही, तारीख, शिक्का घ्यावा. कमानी उभ्या राहायला लागल्यावर पत्र नेलं, तर मोक्याच्या जागा गेलेल्या असतात.