मागच्या पाटीवरून कळतं फोटो कुठला आहे, पण पाटी चकवतेही! ‘आपण इथे आहात’ कसं वाचायचं?

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर कड्यांचे, धबधब्यांचे आणि रेलिंगला खेटून उभ्या असलेल्या गर्दीचे व्हिडीओ सुरू होतात. सोबत एक ओळ असते, ‘आजचा व्हिडीओ, अमुक ठिकाण’. कोणी घाबरून बुकिंग रद्द करतं, कोणी ‘माझा भाऊ तिकडेच गेलाय’ म्हणून फोनाफोनी करतं. ठिकाण चुकलेलं असेल तर हा सगळा त्रास भलत्याच गावाला होतो.

अशीच एक क्लिप मीही चुकवली आहे. धुकं, पाऊस, रेलिंगच्या पलीकडे उतरलेली पोरं आणि मागे एक माहितीफलक. फलकावर ठळक अक्षरात ‘प्रतापगड’, खाली मराठी आणि इंग्रजीत दोन परिच्छेद. म्हटलं, याहून स्पष्ट काय हवं? मी ‘प्रतापगडावरचा व्हिडीओ’ असं लिहून मोकळी झाले. तासाभरात त्या भागातल्या एका वाचकाचा फोन आला. त्यांनी शांतपणे एकच विचारलं, “ताई, गडावर उभं राहून गड समोर कसा दिसेल?”

धुकं विरळ झाल्यावर क्लिपच्या शेवटच्या दोन सेकंदांत दरीपलीकडे खरंच गड दिसत होता. कॅमेरा होता महाबळेश्वरच्या पश्चिमेकडच्या कड्यावर. तिथून प्रतापगडाला रस्त्याने जायचं तर आंबेनळी घाट उतरावा लागतो, अंतर साधारण वीस-पंचवीस किलोमीटर.

पाटी कशाबद्दल आहे आणि पाटी कुठे आहे

पर्यटनस्थळावरच्या फलकांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एक ‘तुम्ही कुठे आहात’ हे सांगतो: पॉइंटचं नाव, समुद्रसपाटीपासून उंची, नकाशा आणि त्यावरचा ठिपका. दुसरा ‘तुम्हाला समोर काय दिसतंय’ हे सांगतो. व्ह्यू पॉइंटवर दुसऱ्या प्रकारचे फलक हमखास असतात, आणि त्यावर मोठं नाव असतं ते समोरच्या गडाचं, धरणाचं किंवा शिखराचं. माझी गफलत इथेच झाली.

ओळखायचं कसं? फलकावरचा मजकूर थोडा जरी वाचता आला तर त्यात ‘समोर’, ‘दरीपलीकडे’, ‘येथून दिसणारा’ असे शब्द शोधा. मजकूर वाचता येत नसेल तर फलकाची ठेवण पाहा. रेलिंगला लागून, कंबरेइतक्या उंचीवर, वाचणाऱ्याकडे तिरका झुकलेला फलक बहुतेकदा समोरच्या दृश्याबद्दल असतो. जागेचं नाव सांगणारी पाटी सहसा उभी आणि उंच असते, आणि लोक तिच्यासमोर ग्रुप फोटो काढतात. हा काही नियम नाही. पण शंका घ्यायला तेवढं पुरतं.

नावाची पाटी सापडली तरी काम संपत नाही, कारण नावं पुन्हा पुन्हा येतात. ‘इको पॉइंट’ माथेरानला आहे, महाबळेश्वरला आहे आणि केरळात मुन्नारजवळही आहे. ‘सनसेट पॉइंट’ म्हटलं की माथेरानकर पॉर्क्युपाइन पॉइंट समजतात आणि महाबळेश्वरकर बॉम्बे पॉइंट. लाल माती दोन्हीकडे, माकडं दोन्हीकडे! अशा वेळी फ्रेममध्ये पर्यटकांच्या गाड्या उभ्या दिसल्या, तर माथेरान जवळजवळ बाद होतं, कारण तिथे खासगी गाड्यांना आत प्रवेश नाही. थोडक्यात, पाटीने उमेदवार दिले, निवड पाटीबाहेरच्या गोष्टीने केली.

लिपी राज्य सांगते, पण नेहमी नाही

देवनागरी दिसली म्हणून महाराष्ट्र ठरत नाही. ‘आपण इथे आहात’ आणि ‘आप यहाँ हैं’ धुरकट फ्रेममध्ये सारखेच दिसतात. त्यातल्या त्यात ‘ळ’ शोधा. मराठीत तो सतत येतो, आजच्या प्रमाण हिंदीत नाही. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ही हिंदी छपाईतल्यापेक्षा वेगळे असतात, पण कॉम्प्युटरवर हिंदी वळणाचा फॉन्ट वापरून मराठी पाटी छापलेली असू शकते, त्यामुळे यावर फार भिस्त ठेवू नका. केंद्र सरकारच्या खात्यांचे फलक अनेकदा हिंदी आणि इंग्रजीत असतात, मग ते कोणत्याही राज्यात असोत. पुरातत्त्व खात्याचा ‘संरक्षित स्मारक’ फलक वाचून राज्य ठरवायला जाऊ नये.

आणखी एक गंमत आहे. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला व्हिडीओ कधी कधी आरशासारखा उलटा असतो. इंग्रजी पाटी उलटी असली तर लगेच खटकतं. देवनागरीची शिरोरेघ मात्र आरशातही वरच राहते, त्यामुळे लांबून सगळं ठीक वाटतं. ‘प’ किंवा ‘म’ची उभी रेघ बघा, ती अक्षराच्या उजवीकडे हवी. डावीकडे दिसली तर व्हिडीओ उलटा आहे, आणि त्यातली डावी-उजवी बाजू मोजण्याआधी तो सरळ करून घ्या. हे न केल्यास डोंगररांग कधीच जुळत नाही आणि माणूस स्वतःवरच चिडतो.

ठिपका आणि दिशा

नकाशा फलकावरचा लाल ठिपका ही सगळ्यात मौल्यवान खूण. फ्रेममध्ये तो दिसला नाही तरी निराश होऊ नका. येणारा प्रत्येक जण तिथेच बोट ठेवतो, त्यामुळे जुन्या फलकावर नेमका तो भाग झिजून पांढरट होतो. नकाशावर एकच घासलेला डाग दिसला तर बहुधा तोच ‘आपण इथे’.

ठिपक्याने जागा कळते, नकाशाच्या मांडणीने कॅमेऱ्याची दिशा कळू शकते. चांगला फलक असा लावतात की वाचणाऱ्याच्या समोर जे आहे ते नकाशात वरच्या बाजूला यावं. मानसशास्त्रज्ञ मार्विन लेव्हिन यांनी 1982 मध्ये याच विषयावर लेख लिहिला होता. नकाशा समोरच्या दृश्याशी जुळवून लावला नसेल तर लोक उलट दिशेला चालू लागतात, हे त्यांनी दाखवलं. जपानमधले रस्त्यावरचे फलक बऱ्याचदा असे जुळवलेले असतात, म्हणून तिथे उत्तर वरच असेल असं धरू नये. तिथे ‘गेन्झाइची’ या शब्दाशेजारची लाल खूण म्हणजे तुमची जागा.

आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा एकच उत्तर-वर नकाशा छापून घेतात आणि तोच चार ठिकाणी लावतात. कधी ठिपक्याचा स्टिकर बदलतात, कधी तोही नाही. म्हणून ठिपक्यावर एकट्यावर विश्वास ठेवण्याऐवजी नकाशातली एखादी मोठी गोष्ट, तलाव किंवा मुख्य रस्ता, फ्रेममध्ये अपेक्षित बाजूला दिसतो का हे तपासा. दिसत नसेल तर फलक चुकीचा लावलाय किंवा तुमची जागा चुकली आहे.

एक उदाहरण सोडवून पाहू

समजा, तुमच्याकडे स्वित्झर्लंडमधला एक फोटो आहे. मागे पायवाटेची पिवळी पाटी, बर्फाचे डोंगर, आणि कॅप्शन ‘क्लाइने शायडेग’. युंगफ्राउयोखला जाणारे आपल्याकडचे पर्यटक इथे गाडी बदलतात, म्हणून नाव ओळखीचं. पाटीवर नावाचा शेवटचा भाग ‘शायडेग’ एवढाच वाचता येतोय.

स्विस पायवाटांच्या दिशादर्शक खांबावर एक सोय असते. पिवळ्या पाटीवर एका पांढऱ्या पट्टीत त्या जागेचं नाव आणि उंची लिहिलेली असते. इथे अडचण अशी की ग्रिंडेलवाल्ड गावाच्या दोन बाजूंना दोन शायडेग आहेत. क्लाइने, म्हणजे धाकटी, 2061 मीटरवर. ग्रोसे, म्हणजे थोरली, 1962 मीटरवर. हो, थोरली खिंड धाकटीपेक्षा ठेंगणी आहे! त्यामुळे नाव वाचता आलं नाही तरी उंचीचे पहिले दोन आकडे दिसले की निकाल लागतो. फोटो मोठा केल्यावर समजा ‘19’ दिसलं, तर कॅप्शन खोटं ठरायला लागतं.

आता पाटी सोडून बाकीच्या गोष्टी बघायच्या. क्लाइने शायडेगला रेल्वे स्टेशन आहे, रूळ आहेत, आणि आयगर शिखराची उत्तर भिंत अगदी जवळ उभी असते. तिच्या उजवीकडे म्योंख, मग युंगफ्राउ. ग्रोसे शायडेगला रेल्वे नाही, बस येते आणि खासगी गाड्यांना बंदी आहे. तिथे डोक्यावर येतो तो वेटरहॉर्नचा कडा, आणि आयगर ग्रिंडेलवाल्डच्या पलीकडे, बाजूने दिसतो. फोटोत बस आहे, रूळ नाहीत, कडा वेटरहॉर्नचा आहे, म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी एकच उत्तर देतायत. मग स्वित्झर्लंड सरकारच्या map.geo.admin.ch या मोफत नकाशावर ती खिंड उघडायची आणि खांब, वाट, इमारत यांची मांडणी जुळवायची.

शेवटचे काही मीटर डोंगरच सांगतात. जवळच्या घराचं छप्पर आणि लांबचं शिखर फोटोत एका रेषेत येत असतील, तर नकाशावर त्या दोघांमधून रेघ ओढा. कॅमेरा त्या रेघेवर कुठेतरी आहे. अशीच दुसरी जोडी मिळाली की दोन रेघा जिथे छेदतात ती जागा. चार पावलं बाजूला सरकलं तरी जवळची वस्तू शिखरासमोरून हलते, म्हणून ही पद्धत पाटीपेक्षा नेमकी ठरते. दोन्ही वस्तू लांबच्या असतील तर मात्र रेघ ढोबळच निघते.

तारखेबाबत पाटी फारशी मदत करत नाही. ती वर्षानुवर्षं तिथेच असते, त्यामुळे ‘आजचा व्हिडीओ’ हा दावा ठिकाण जुळूनही खोटा असू शकतो. गुगल मॅप्सवर त्या पॉइंटचे पर्यटकांनी टाकलेले फोटो तारखेनुसार पाहिले, तर फलक कधी बदलला, रंग कधी दिला, कोपरा कधी तुटला हे कळतं. त्यावरून क्लिप निदान कुठल्या काळातली नाही, एवढं सांगता येतं.

तुमच्या स्वतःच्या फोटोत

हे सगळं तुमच्या स्टोरीवरही लागू पडतं. लोकेशन टॅग बंद ठेवला आणि मागे ठिपक्यासकट नकाशा आला, तर टॅग बंद ठेवून काही उपयोग झाला नाही. एकट्याने फिरत असाल तर असा फोटो तिथून निघाल्यावर टाका.

उलट बाजूही आहे. दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय उद्यानांत वाटेवर ठरावीक अंतराने क्रमांक लिहिलेल्या पाट्या असतात. पाय मुरगळला की फोनवर तो क्रमांक सांगायचा, बचाव पथक थेट तिथे येतं. आपल्या डोंगरवाटांवर असे क्रमांक क्वचितच दिसतात, म्हणून पार्किंगजवळच्या नकाशा फलकाचा एक सरळ, पूर्ण फोटो चढायला लागण्याआधी काढून ठेवा. 112 ला फोन करायची वेळ आली तर नुसतं ‘इको पॉइंट’ म्हणू नका, सोबत गाव आणि तालुका सांगा.