अंड्याच्या मध्यापर्यंत उष्णता कधी पोहोचते?

पाणी खळखळा उकळायला लागलं तरी अंड्यांच्या पातेल्याखालचा गॅस बरेच जण मोठाच ठेवतात. आच वाढवली की अंडं लवकर होईल, असं वाटतं. पण उघड्या पातेल्यातलं पाणी एकदा उकळलं की ते शंभर अंशांच्या वर जात नाही. जास्तीच्या आचेने फक्त वाफ जास्त होते.

शिवाय उकळतं पाणी कवचाला उष्णता इतक्या झपाट्याने देतं, की अंड्याचा पृष्ठभाग जवळजवळ लगेचच पाण्याइतका गरम होतो. पृष्ठभागावर उष्णता किती सहज येते आणि आतून ती किती सहज पुढे सरकते, यांच्या गुणोत्तराला बायो संख्या म्हणतात. उकळत्या पाण्यातल्या अंड्यासाठी ती चाळीसच्या आसपास येते. म्हणजे खोळंबा बाहेर नाही, आत आहे. पांढरा आणि पिवळा बलक दोन्ही उष्णतेचे मंद वाहक आहेत आणि घट्ट होऊ लागल्यावर त्यांच्यात ढवळणंही होत नाही. उष्णतेला थराथरातून झिरपतच मध्य गाठावा लागतो.

हे गणित फ्रेंच गणितज्ञ फूरिएने १८२२च्या आपल्या ग्रंथात घन गोलासाठी मांडलं आहे. अंड्याला गोल मानलं, तर मध्याला हवं ते तापमान गाठायला लागणारा वेळ असा येतो:

t = (R² / π²α) × ln[ 2(Tw − T0) / (Tw − Tc) ]

यात R ही त्रिज्या, Tw पाण्याचं तापमान, T0 अंड्याचं सुरुवातीचं, Tc मध्याला हवं असलेलं. α म्हणजे उष्णता पसरण्याचा वेग. अंड्यात पाणीच जास्त असल्याने तो पाण्याइतकाच, सुमारे ०.००१४ चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद, धरता येतो.

५५ ग्रॅमचं अंडं घेऊ. तेवढ्या आकाराच्या गोलाची त्रिज्या सुमारे २.३ सेंटिमीटर भरते. अंडं २५ अंशांवरचं, पाणी आधीच उकळतं आणि पिवळा बलक घट्ट व्हायला मध्याला ७० अंश हवेत. कंसातली संख्या ५ येते आणि वेळ निघतो सव्वादहा मिनिटं. तेच अंडं फ्रीजमधून ४ अंशांवर काढलेलं असेल, तर दीड मिनिट जास्त लागतं. लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे २५ अंशांच्या अंड्यालाही बारा मिनिटांच्या वर लागतात.

मला यातली सगळ्यात विलक्षण वाटते ती मध्याची दिरंगाई. पहिल्या तीन मिनिटांत मध्य जेमतेम दोन अंशांनी तापतो. पाचव्या मिनिटाला तो ३८ अंशांवर असतो, सातव्याला ५२ वर आणि दहाव्याला ६९ वर. सुरुवातीची बराच वेळ उष्णता वाटेतच असते.

वाटेतली ही उष्णता अंडं बाहेर काढल्यावरही थांबत नाही. समजा आठव्या मिनिटाला अंडं काढून २५ अंशांच्या भरपूर पाण्यात टाकलं. त्या क्षणी मध्य ५८ अंशांवर आहे, म्हणजे बलक अजून पातळच. पण भोवतीचे थर त्याच्याहून खूप गरम आहेत आणि बाहेर थंड पाणी लागल्याची खबर मध्याला मिळायलाही काही मिनिटं जातात. तोवर तो तापतच राहतो आणि तीन-साडेतीन मिनिटांत ७१ अंशांना पोहोचतो. बर्फाचं पाणी घेतलं तरी शिखर एखाद-दुसऱ्या अंशानेच खाली येतं. म्हणून सव्वादहा मिनिटं उकळत ठेवायची गरजच नसते. आठ मिनिटं आणि मग गार पाणी, एवढ्यात बलक मध्यापर्यंत घट्ट होतो. मऊ बलक हवा असेल तर सहाव्या मिनिटालाच काढायला हवं. तेव्हा मध्य ४५ अंशांवर असतो आणि गार पाण्यात चढून ६२च्या आसपास थांबतो.

अंडं फार वेळ गरम राहिलं की पांढऱ्यातला गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांचा संयोग होऊन बलकाभोवती हिरवट-करडं कडं धरतं. हे कडं दिसलं, की वेळ जास्त झाला किंवा अंडं गार करायला उशीर झाला असं समजावं.

अर्थात खरं अंडं लांबट असतं. त्याच्या आडव्या बाजूने मध्य जवळ पडतो, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ हिशेबापेक्षा थोडा कमी लागतो. गार पाण्यात अंडी घालून मग गॅस पेटवला, तर हे सूत्र तसंच्या तसं चालत नाही, कारण पाणी तापत असतानाच अंडंही तापू लागतं. आणि त्रिज्येचा वर्ग येत असल्याने लहानमोठेपणाचा फरक बराच पडतो. हेच ७० अंश गाठायला ४५ ग्रॅमच्या अंड्याला नऊ मिनिटं लागतात, तर ६५ ग्रॅमच्याला साडेअकरा. एका पातेल्यात दोन्ही असतील, तर मोठी आधी सोडावीत आणि लहान अडीच मिनिटांनी.