अपेंडिक्सच असेल, पण आधी लघवी तपासा

वैद्यकीय परीक्षेत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो, आणि हुशार मुलंही त्यात चुकतात. रुग्ण 24 वर्षांची विवाहित तरुणी आहे. काल रात्रीपासून पोटात दुखतंय, आधी बेंबीभोवती दुखत होतं, आता उजवीकडे खाली. जेवणावरची वासना गेली आहे, एकदा उलटी झाली आहे. अंगात कणकण, नाडी 104, रक्तदाब 110/70. उजव्या बाजूला खाली दाबलं की कळवळते. पाळीची तारीख नक्की आठवत नाही, 'झाला असेल महिना' म्हणते. पुढचं पाऊल कोणतं? सर्जनला बोलावणं, सीटी स्कॅन, प्रतिजैविकं की लघवीतून गरोदरपणाची तपासणी?

वाचता वाचताच अपेंडिक्स डोळ्यांसमोर येतं. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी कळ हे त्याचं जुनं, ओळखीचं लक्षण. मग हात आपोआप सीटी स्कॅनवर जातो. निदान चुकलेलं नसतं, तरीही बरोबर उत्तर लघवीची तपासणी हेच आहे.

कारण प्रश्नात 'काय झालं असेल' असं विचारलेलंच नाही. पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं, एवढंच विचारलंय. त्याचं उत्तर देताना दुसरंच काहीतरी तपासावं लागतं: या सगळ्या लक्षणांआड असं काय लपलेलं असू शकतं, जे सुटलं तर ही मुलगी आज रात्रीच दगावेल? उत्तर आहे नळीतला गर्भ. शंभर गर्भधारणांपैकी एक-दोन गर्भाशयाबाहेर, बहुतेकदा गर्भनलिकेत रुजतात. नळी बोटापेक्षाही बारीक. साधारण सहा ते आठ आठवड्यांत ती ताणली जाऊन फुटू शकते आणि रक्त पोटातच साचतं. बाहेर थेंबही दिसला नाही तरी आत रक्तस्राव चालूच असतो.

इथे 104 ही नाडी नीट पाहायला हवी. तापानं आणि वेदनेनंही नाडी वाढते, म्हणून विद्यार्थी ती ओलांडून पुढे जातात. पण तरुण शरीर रक्त गेल्यावर रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब धरून ठेवतं, आणि कधी कधी पाव हिस्सा रक्त जाईपर्यंत तो फारसा उतरत नाही. मग एकदम कोसळतो. त्यामुळे 110/70 पाहून निश्चिंत होता येत नाही. सोबत चक्कर येत असेल किंवा आडवं झाल्यावर खांद्याच्या टोकाला दुखत असेल, तर पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला डिवचतंय असं समजावं.

लघवीच्या पट्टीवर तीन थेंब टाकले की पाच मिनिटांत कळतं. एक रेघ आली तर सहसा गरोदरपण नाही, दोन आल्या तर आहे. खर्च जेमतेम एका रिक्षाभाड्याएवढा. आणि उत्तर काहीही आलं तरी पुढची वाट त्यावरच ठरते. दोन रेघा असतील तर सीटीऐवजी आधी सोनोग्राफी, आणि सर्जनसोबत स्त्रीरोगतज्ज्ञही. खरोखर अपेंडिक्सच असलं, तरी पोटात गर्भ आहे हे माहीत नसताना क्ष-किरणांचा मारा आणि औषधं सुरू करणं चूकच.

ही तपासणी विचारून करायची असते, आणि पाळीचा प्रश्न सासू-आई बाहेर गेल्यावर विचारायचा असतो. त्यांच्यासमोर 'नाही' म्हणणारी मुलगी एकटी असताना वेगळं सांगते. अविवाहित मुलीच्या बाबतीत तर हे अधिकच जपावं लागतं. 'कॉपर-टी आहे' किंवा 'ऑपरेशन झालंय' या उत्तरानंही थांबू नये. त्यात गर्भ राहण्याची शक्यता कमी असली, तरी राहिलाच तर तो नळीत असण्याची शक्यता जास्त.

पट्टीच्या मर्यादाही आहेत. पाणी फार प्यायल्यामुळे लघवी पातळ असेल तर रेघ दिसत नाही. संशय दाट असेल तर रक्तातला बीटा-एचसीजी पाहायचा. दोन रेघा म्हणजे लगेच नळीतला गर्भ असंही नाही. फार लवकर सोनोग्राफी केली तर गर्भाशयातला नीट वाढणारा गर्भही दिसत नाही, मग रुग्णाची तब्येत स्थिर असेल तर 48 तासांनी एचसीजी पुन्हा मोजावा लागतो. आणि रक्तदाब 80 वर आलेला असेल तर पट्टीची वाट पाहायचीच नाही. सलाइन, रक्तगट आणि ऑपरेशन थिएटर आधी, तपासणी बरोबरीने.

आमच्या या प्रश्नातल्या मुलीची पट्टी कोरी निघते. मग सोनोग्राफीत सुजलेलं अपेंडिक्स दिसतं आणि त्याच रात्री शस्त्रक्रिया होते. वर्गात एक जण हात वर करतो, "सर, म्हणजे आम्ही बरोबरच होतो की!" निदान बरोबर होतं, मी कबूल करतो. पण सीटीवर खूण केलेली असेल, तर त्या उत्तराचा गुण मी तरीही देत नाही.