अमेरिकेहून लॅपटॉप मागवताना

न्यू जर्सीहून येणाऱ्या मामेभावाला ‘एक चांगला लॅपटॉप आण’ एवढंच कळवलं, तर निवडीचं सगळं ओझं त्याच्यावर पडतं. एकाच नावाच्या लॅपटॉपचे कमी-जास्त मेमरीचे अनेक प्रकार दुकानात असतात. म्हणून निरोप असा लिहावा:

“दादा, ThinkPad E14 Gen 6 हवा आहे. इंटेल कोअर अल्ट्रा 5, रॅम 16 जीबी, एसएसडी 512 जीबी, विंडोज 11. कीबोर्ड यूएस इंग्लिश. नवाच घे, रिफर्बिश्ड नको. कर धरून किती होतात ते कळव, म्हणजे पैसे आधीच पाठवते. घेण्यापूर्वी वॉरंटी भारतात चालते का, ते विचारशील? आणि चार्जरच्या लेबलचा फोटो पाठव.”

कराचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण तिथे लेबलवरच्या किमतीत सहसा विक्रीकर धरलेला नसतो. चार्जरच्या फोटोचं कारण मात्र नीट समजून घ्यायला हवं.

अमेरिकेत घरातली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत `INPUT: 100-240V~ 50/60Hz` असं छापलेलं असेल, तर तो दोन्हीकडे चालतो. ठोकळ्यात आलेली एसी वीज आधी डीसी होते, मग आतलं सर्किट ती अतिवेगाने चालू-बंद करत लॅपटॉपला लागणाऱ्या व्होल्टेजवर आणतं. या लॅपटॉपच्या 65 वॉटच्या चार्जरमधून जास्तीत जास्त 20 व्होल्ट बाहेर पडतात, भिंतीत 120 असोत की 230. त्यामुळे व्होल्टेज उतरवणारा जड ट्रान्सफॉर्मर घ्यायची गरज नाही. लेबलवर फक्त 120V असेल, तर तो चार्जर इथे लावायचाच नाही.

उरतो प्रश्न पिनचा. तिथल्या चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत, म्हणून बरेच जण कन्व्हर्टर प्लग लावतात. पण भिंतीपासून ठोकळ्यापर्यंतची अमेरिकन वायर वाचून पाहा, तिच्यावर बहुधा `125V` लिहिलेलं असतं. ती 230 वर वापरू नये. शिवाय स्वस्त कन्व्हर्टरमध्ये अर्थिंग तुटतं, आणि मग चार्जिंग चालू असताना धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात. त्यापेक्षा ठोकळ्याची वायर सुटी होते का, ते फोटोत बघावं. सुटी होत असेल, तर ठोकळ्याच्या बाजूला तसंच तोंड असलेली, गोल तीन पिनांची, आयएसआय मार्कची वायर इथल्या दुकानात घ्यावी.

प्रवासाबद्दलही दोन ओळी लिहाव्यात. बॅटरी लिथियमची असल्यामुळे लॅपटॉप केबिन बॅगेतच ठेवायला सांगावा. कस्टम्समध्ये 18 वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो. दादा स्वतःचाही आणणार असेल आणि वहिनीही सोबत येत असेल, तर दुसरा तिच्या सामानात ठेवून बिल तिच्याजवळ द्यावं.