तारीख झाकावी की चेहरा? फोनवरच्या आठवणींचे थोडे व्यवस्थापन

पूर्वी घरातला अल्बम कपाटात असे. तो कधी काढायचा, कोणासमोर उघडायचा आणि कोणते पान पटकन उलटायचे, हे घरातली माणसे ठरवीत. आता आपले हजारो फोटो फोनमध्ये आहेत आणि अल्बम उघडण्याचे काम फोननेच आपल्याकडे घेतले आहे. सकाळी भाजी चिरताना स्क्रीनवर सूचना येते, 'एक वर्षापूर्वी, आजच्या दिवशी'. कधी त्यात नातवाचे पहिले पाऊल असते, तर कधी रुग्णालयातला पलंग.

हा प्रश्न नवा नाही. 2014 च्या डिसेंबरमध्ये फेसबुकने लोकांना त्यांच्या सरत्या वर्षाची चित्रमालिका आपणहून दाखवली. अमेरिकेतील वेब डिझायनर एरिक मेयर यांच्या पानावर त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा फोटो आला आणि त्याभोवती नाचणारी माणसे व फुगे काढलेले होते. त्या मुलीचे त्याच वर्षी निधन झाले होते. मेयर यांनी त्यावर लिहिले आणि जगभर चर्चा झाली. यंत्राच्या मनात वाईट काही नव्हते, कारण त्याला मनच नव्हते. ज्या फोटोला जास्त प्रतिसाद मिळाला तो आनंदाचा असणार, एवढाच त्याचा हिशेब होता. आज बहुतेक ॲपमध्ये अशा आठवणी झाकण्याची सोय आहे. ती मात्र आपणच शोधून वापरावी लागते.

आपल्या घरांत यात आणखी एक गुंता आहे, तो कॅलेंडरचा. फोन इंग्रजी तारखेने चालतो आणि आपली बरसी, रमजान, ईद चांद्र तारखेने. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे फोनची आठवण दरवर्षी तेवढी मागे राहते. 2024 मध्ये आपल्याकडे ईदुल फित्र 11 एप्रिलला होती, तर 2025 मध्ये 31 मार्चला. म्हणजे शिरखुर्म्याची भांडी घासून अकरा दिवस झाल्यावर फोन मागच्या ईदची आठवण काढतो. ईदच्या बाबतीत यावर हसता येते. मौतीच्या बाबतीत तसे होत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरातील अब्बा 25 मार्च 2024 रोजी रुग्णालयात दाखल झाले आणि 27 रमजानला, म्हणजे 7 एप्रिलला, त्यांचा इंतकाल झाला. पुढच्या वर्षी 27 रमजान आला 28 मार्चला. घरच्यांनी त्या दिवशी कुरआनखानी केली, मगफिरतची दुआ मागितली, अम्मीने मन घट्ट केले. ईदही पार पडली. आता थोडे सावरलो असे वाटत असताना 7 एप्रिलला अम्मीच्या फोनवर नळ्या लावलेला तो चेहरा येऊ शकतो. मन तयार असते ती तारीख एक आणि फोनची दुसरी.

अशा वेळी घरातला मुलगा घाईने म्हणतो, "अम्मी, अब्बांचे फोटोच बंद करून टाकतो." इथे थांबावे. अम्मीला अब्बांचा चेहरा नकोसा झालेला नाही. तिला ते चौदा दिवस नको आहेत. म्हणून इथे चेहरा न झाकता तारखा झाकाव्यात.

अँड्रॉइड फोनवरील Google Photos मध्ये वर कोपऱ्यात आपला गोल फोटो किंवा नावाचे अक्षर असते. त्यावर बोट ठेवून Photos settings, मग Preferences, मग Memories अशा क्रमाने जावे. तिथे Hide dates मिळेल. त्यात सुरुवातीची तारीख 25 मार्च 2024 द्यावी आणि शेवटची 7 एप्रिल न देता 10 एप्रिल द्यावी, कारण दफनानंतरच्या तीन दिवसांतही पाहुण्यांचे, मंडपाचे, कब्रस्तानाचे फोटो निघालेले असतात. आवृत्तीप्रमाणे नावांत थोडा फरक पडतो आणि फोनची भाषा मराठी असेल तर हीच नावे मराठीत दिसतात. यात एकही फोटो पुसला जात नाही. ते जिथे होते तिथेच राहतात, फक्त आठवण म्हणून वर येत नाहीत. पुढे कधी अम्मीला वाटले, तर ही तारीख तिथूनच काढून टाकता येते.

चेहरा झाकण्याचा मार्गही याच पानावर, Hide people & pets या नावाने आहे. तो वापरण्याआधी त्याचा परिणाम लक्षात घ्यावा. ज्या फोटोत तो चेहरा आहे ते सगळेच फोटो आठवणींतून बाहेर जातात. तलाक झालेल्या मुलीने जुन्या जोडीदाराचा चेहरा झाकला, तर मुलाच्या अकीकाचा तो दोघांबरोबरचा फोटोही येणार नाही. तिला ते चालेल का, हे तिलाच विचारावे. शिवाय ॲप फक्त ओळखलेला चेहरा झाकते. रिकामा पलंग, चष्मा, तसबीह, रुग्णालयाचा कॉरिडॉर यांना चेहरा नसतो. ते थांबतात तारखेनेच.

तारखेचीही एक मर्यादा आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत तो मूळ कधी काढला याची नोंद सहसा राहत नाही, त्यामुळे तो आपल्या फोनवर आला ती तारीख धरली जाते. व्हॉट्सॲपचे फोटो बॅकअपला लावलेले असतील, तर कुवेतहून भावाने जूनमध्ये पुन्हा पाठवलेला रुग्णालयातील फोटो जूनचा ठरतो आणि झाकलेल्या दिवसांच्या बाहेर पडतो. उलट, 8 एप्रिलला कोणी पाठवलेला अब्बांचा तरुणपणीचा हसरा फोटो विनाकारण झाकला जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे. फोटो उघडून वर सरकवला की तारीख दिसते. ती चुकीची असेल तर तिथेच बदलता येते.

राहिली सूचना. नुसती सूचना बंद केली तर घंटी थांबते, पण ॲप उघडताच वरच्या पट्टीत आठवण असतेच. म्हणून आधी तारीख झाकावी, मग सूचना बंद करावी. सूचना आली की तिच्यावर बोट दाबून धरावे. ती कोणत्या ॲपची आहे ते कळते आणि तिथूनच त्या प्रकारची सूचना बंद करता येते. हे पाहणे महत्त्वाचे आहे, कारण फोनची स्वतःची गॅलरी आणि फेसबुक हेही आपापल्या आठवणी काढत असतात. एका ठिकाणी केलेली सोय दुसऱ्या ठिकाणी लागू होत नाही.

तसेच, ही सोय प्रत्येकाच्या खात्यापुरती असते. अम्मीच्या फोनवर झाकलेली तारीख मुलीच्या सासरी, तिच्या फोनवर उघडीच राहते. तेव्हा बरसीला सगळी भावंडे जमली की इंग्रजी तारीख यायच्या आत प्रत्येकाचा फोन हातात घ्यावा. मात्र आधी विचारावे. एखाद्या बहिणीला तो शेवटचा फोटोही पाहायचा असेल, तर तिच्या फोनला हात लावू नये.