रंग लावण्यापेक्षा काढणं अवघड

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये दरवर्षी घडणारा हा प्रसंग. शेजारी बसलेल्या दोघींना एकाच नळीतलं मिश्रण दिलेलं असतं. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे द्राक्षाच्या घोसासारखे गोल जिवाणू असतात आणि ई. कोलायच्या आखूड काड्या असतात. गोल जिवाणू जांभळे दिसायला हवेत आणि काड्या गुलाबी. पण एकीच्या स्लाइडवर सगळंच जांभळं, दुसरीच्या सगळंच गुलाबी! रंग तेच, क्रमही तोच. दोघींचंही चुकलेलं असतं ते रंग काढण्याच्या पायरीवर.

या पद्धतीचा जन्मच रंग काढण्यातून झाला. हान्स क्रिश्चन ग्रॅम हे डॅनिश डॉक्टर १८८४ साली बर्लिनमध्ये न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसात जिवाणू शोधत होते. रंग लावला की फुप्फुसाच्या पेशीही रंगायच्या आणि त्या गर्दीत जिवाणू हरवायचे. आयोडीन लावून मग अल्कोहोलने धुतलं, तर पेशींचा रंग जातो आणि जिवाणूंचा टिकतो, असं त्यांना आढळलं. मात्र टायफॉइडच्या जिवाणूंसारख्या काहींचा रंगही निघून जायचा. त्यांना उणीव वाटलेली हीच गोष्ट पुढे जिवाणूंचे दोन गट पाडायला उपयोगी पडली.

आता पायऱ्या पाहू. स्लाइडवर नमुन्याचा पातळ थर पसरून हवेत सुकवायचा आणि स्लाइड दोन-तीनदा ज्योतीवरून फिरवायची, म्हणजे जिवाणू काचेला चिकटतात. मग मिनिटभर क्रिस्टल व्हायोलेट. या रंगाचे कण धनभारित असतात आणि जिवाणूंच्या पेशीतले बरेच घटक ऋणभारित, त्यामुळे दोन्ही गट जांभळे होतात. पाण्याने धुऊन मिनिटभर आयोडीन ठेवायचं. कापड रंगवणारे रंग पक्का बसावा म्हणून तुरटी वापरतात, तसंच इथे आयोडीनचं काम. ते पेशीच्या आत क्रिस्टल व्हायोलेटशी जोडलं जातं आणि त्यातून पाण्यात न विरघळणारं मोठं संयुग तयार होतं. इथवर दोन्ही गटांत दिसायला काहीच फरक नसतो.

फरक पाडतं ते अल्कोहोल, आणि त्याचं कारण जिवाणूच्या भिंतीत आहे. स्टॅफिलोकॉकसची भिंत म्हणजे पेप्टिडोग्लायकॅन नावाच्या जाळीचे एकावर एक बरेच थर. अल्कोहोल या जाड जाळीतलं पाणी काढून घेतं, जाळी आक्रसते, तिची छिद्रं बारीक होतात आणि जांभळं संयुग आतच अडकतं. ई. कोलायची जाळी अगदी पातळ असते, पण तिच्याबाहेर मेदयुक्त आवरण असतं. अल्कोहोलमुळे ते आवरण फाटतं, पातळ जाळीला रंग धरून ठेवता येत नाही आणि तो वाहून जातो. जांभळे राहतात ते ग्रॅम-पॉझिटिव्ह, रंग सोडतात ते ग्रॅम-निगेटिव्ह.

मात्र जाड भिंतीतूनही रंग निघतो, फक्त सावकाश. म्हणजे ही वेळेची शर्यत आहे. स्लाइड तिरपी धरून ९५ टक्के अल्कोहोल थेंब थेंब सोडायचं. सुरुवातीला जांभळे ओघळ येतात, ते फिके होत जातात. ओघळ स्वच्छ झाला की त्याच क्षणी पाण्याने धुवायचं, कारण पाण्यानेच अल्कोहोलचं काम थांबतं. याला साधारण दहा-पंधरा सेकंद लागतात. अल्कोहोलमध्ये ॲसिटोन मिसळलेलं असेल तर त्याहून कमी. म्हणून घड्याळापेक्षा ओघळाकडे लक्ष ठेवावं. थर जाड असेल तर मात्र हाही अंदाज चुकतो, कारण आतला रंग निघतच नाही.

रंग गेलेल्या पेशी जवळजवळ अदृश्य होतात, म्हणून शेवटी सॅफ्रनिन हा लालसर रंग लावतात. तो जांभळ्या पेशींवरही बसतो, पण गडद जांभळ्यापुढे दिसत नाही.

आता त्या दोघींच्या स्लाइड पुन्हा पाहा. काड्याही जांभळ्या राहिल्या, म्हणजे पहिलीने घाईने धुतलं किंवा थर जाड दिला. घोसही गुलाबी झाले, म्हणजे दुसरीचं अल्कोहोल जास्त वेळ राहिलं. अर्थात नमुना शिळा असेल तरी असं होतं. जुन्या पेशींची भिंत कमकुवत झालेली असते, म्हणून १८ ते २४ तासांची ताजी वाढ घेतात.

इथे नळीत काय होतं हे आधीच ठाऊक होतं, म्हणून चूक पकडता आली. अनोळखी नमुन्याच्या वेळी त्याच स्लाइडच्या कडेला हे दोन ओळखीचे जिवाणू लावून ठेवतात. पू तपासताना तर साक्षीदार नमुन्यातच असतो. पांढऱ्या पेशींचं केंद्रक गुलाबी दिसायला हवं. ते जांभळं दिसलं तर रंग पुरता निघालेला नाही, आणि त्या स्लाइडवरच्या जांभळ्या जिवाणूंवर विश्वास ठेवू नये.